अमेरिकेतल्या औषधाच्या बाटलीवरचं लेबल कसं वाचायचं

भारतात औषध म्हणजे गोळ्यांची पट्टी. पट्टीवर औषधाचं आणि कंपनीचं नाव छापलेलं असतं आणि कशी घ्यायची ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर '१-०-१' असं लिहिलेलं असतं. दुकानदार फार तर पट्टीच्या पाठीवर पेनाने दोन रेघा ओढून देतो. अमेरिकेत यातलं काहीच हातात येत नाही. डॉक्टर चिठ्ठी संगणकावरून थेट फार्मसीला पाठवतात. फार्मसीवाले मोठ्या डब्यातल्या सुट्या गोळ्या मोजून नारिंगी रंगाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरतात आणि तिच्यावर एक लेबल चिकटवतात. चिठ्ठी गेली, पट्टी गेली. दोन्हींवरची माहिती त्या एका कागदावर आली. म्हणून इथे लेबल नीट वाचता येणं भाग आहे.

मी न्यू जर्सीतल्या एका फार्मसीच्या काउंटरमागे काम करते. इथे मराठी माणसं पुष्कळ येतात आणि त्यांचे प्रश्न बहुतेक त्याच चार-पाच ठिकाणी अडतात. नमुन्यादाखल दोन बाटल्या घेऊ. एक मधुमेहाची मेटफॉर्मिन, म्हणजे वर्षानुवर्षं चालणारं औषध. दुसरी डॉक्सिसायक्लिन, म्हणजे दहा दिवसांत संपणारं अँटिबायोटिक. न्यू जर्सीत गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगासाठी ते नेहमी दिलं जातं. लेबलावरचे शब्द मी जसे उच्चारतात तसे लिहिते, म्हणजे बाटली हातात घेऊन ताडून बघता येतील.

पहिली पायरी: बाटली आपलीच आहे ना?

पिशवी घरी नेऊन उघडू नका, काउंटरवरच उघडा. सर्वात आधी नाव बघा. एडिसनसारख्या गावात एकाच फार्मसीत पाटील, कुलकर्णी आणि पटेल यांची रांग असते. आडनाव तेच आणि पहिलं नावही तेच असलेली दोन माणसं मुळीच दुर्मीळ नाहीत. म्हणूनच आम्ही जन्मतारीख विचारतो. ती सांगताना आधी महिना, मग दिवस, मग वर्ष असं सांगायचं. लेबलावरच्या सगळ्या तारखाही त्याच क्रमाने असतात. ०६/०८/२०२६ म्हणजे ६ ऑगस्ट नव्हे, ८ जून. ही एक सवय लागली की पुढचे निम्मे गोंधळ होत नाहीत.

नावाच्या आसपास 'आरएक्स नंबर' असतो. हा तुमचा नसतो, त्या एका औषधाच्या त्या एका चिठ्ठीचा असतो. फोनवरून पुढच्या गोळ्या मागवताना हाच आकडा दाबायचा असतो. डॉक्टरांनी वर्षभराने नवी चिठ्ठी पाठवली की नंबर बदलतो, औषध तेच असलं तरी. जुन्या बाटलीवरचा नंबर दाबला आणि मशिन 'रिफिल शिल्लक नाहीत' म्हणालं, तर घाबरण्याआधी नवी चिठ्ठी वेगळ्या नंबराने पडून आहे का ते विचारा.

मग औषधाचं नाव आणि ताकद. इथे साधारणपणे मूळ औषधाचं, म्हणजे जेनेरिक नाव ठळक छापतात आणि खाली बारीक अक्षरात 'जेनेरिक फॉर अमुक' असं ब्रँडचं नाव असतं. भारतातून आलेल्यांना त्यांच्या गोळीचं ब्रँडचं नाव पाठ असतं, आतल्या औषधाचं नसतं. त्यामुळे घरात एकाच औषधाच्या दोन बाटल्या दोन नावांनी नांदतात. शिवाय काही औषधांची नावंच वेगळी आहेत. आपलं पॅरासिटामॉल इथे अ‍ॅसिटॅमिनोफेन आणि सॅल्ब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल. काही लेबलांवर अ‍ॅसिटॅमिनोफेनचं 'एपॅप' असं लघुरूप असतं. दात काढल्यावर वेदनेसाठी 'हायड्रोकोडोन-एपॅप ५-३२५' मिळालं, तर त्या प्रत्येक गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. वरून घरातली टायलेनॉल किंवा सामानातून आणलेली क्रोसिन घेतली तर तेच औषध दुप्पट जातं. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे आणि यकृताचा आजार किंवा रोजचं मद्यपान असेल तर डॉक्टर ती आणखी खाली आणतात.

लेबलावर कुठेतरी गोळीचं वर्णनही असतं: रंग, आकार आणि गोळीवर कोरलेली अक्षरं. ही ओळ कोणी वाचत नाही आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. गोळ्या सुट्या असल्यामुळे आत तेच औषध आहे हे तुम्हाला स्वतःला पडताळता येईल असं दुसरं साधन नाही. अमेरिकेत गोळ्यांवर आणि कॅप्सूलवर ओळखीची अक्षरं असावीत असा नियम आहे. एक गोळी तळहातावर घ्या आणि वर्णनाशी जुळवा. पुढच्या महिन्यात गोळी गोल पांढरीची लांबट पिवळी झाली तरी बहुतेक वेळा फक्त बनवणारी कंपनी बदललेली असते, आणि मग लेबलावरचं वर्णनही बदललेलं असतं. वर्णन जुनं आणि गोळी नवी असेल तर मात्र गोळी घ्यायची नाही, आधी फोन करायचा.

दुसरी पायरी: कशी घ्यायची

लेबलाच्या मधोमध, बहुधा सर्वात मोठ्या अक्षरात, सूचना असते. मेटफॉर्मिनच्या बाटलीवर: 'टेक वन टॅबलेट बाय माउथ ट्वाइस डेली विथ मील्स'. आपल्या भाषेत १-०-१, जेवणासोबत. अशी प्रत्येक सूचना आपल्या १-०-१ मध्ये बदलून कागदावर लिहायची. घरी आई-वडील आले असतील तर हा कागद फ्रिजवर लावला की त्यांचा निम्मा ताण जातो.

अडचण 'टेक टू टॅबलेट्स ट्वाइस डेली' इथे येते. वाचणारा 'टू' वाचतो आणि डोक्यात दोन गोळ्या एवढंच राहतं. प्रत्यक्षात दोन सकाळी, दोन रात्री, दिवसाला चार. इंग्रजी उत्तम येणारी माणसंही यात चुकतात. याच कारणाने अमेरिकेत लेबलाच्या शब्दरचनेसाठी जे मानदंड बनवले गेले त्यांत 'दोन गोळ्या सकाळी आणि दोन गोळ्या संध्याकाळी' असं सरळ लिहा असा आग्रह आहे. सगळ्या फार्मसी तसं लिहीत नाहीत.

'एव्हरी सिक्स अवर्स अ‍ॅज नीडेड फॉर पेन' ही दुसरी जागा. यातले दोन भाग वेगवेगळे वाचायचे. 'अ‍ॅज नीडेड' म्हणजे दुखत असेल तर घ्या, नसेल तर घेऊ नका. 'एव्हरी सिक्स अवर्स' म्हणजे दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास जाऊ द्या. घड्याळ लावून रात्री उठून घ्यायची ही गोळी नाही. उलट अँटिबायोटिकवर 'एव्हरी ट्वेल्व्ह अवर्स' असेल आणि 'अ‍ॅज नीडेड' नसेल, तर बरं वाटो न वाटो, वेळेवर घ्यायचीच.

मुलांच्या पातळ औषधात मात्रा मिलिलिटरमध्ये असते. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. काउंटरवर तोंडाने औषध द्यायची सिरिंज मागा, सहसा फुकट देतात. सूचनेत '५ एमएल' असेल तर तो आकडा औषधाच्या ताकदीत मिसळू नका. अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या बाटलीवर '४०० एमजी पर ५ एमएल' छापलेलं असतं, ते औषध किती घट्ट आहे ते सांगतं. किती पाजायचं ते वेगळ्या ओळीत असतं.

तिसरी पायरी: क्वांटिटी, आणि तिच्यावरून करायचा हिशेब

लेबलावर 'क्यूटीवाय' असं लिहून पुढे आकडा असतो. बाटलीत किती दिलं ते. बहुतेक लोक हा आकडा फार्मसीच्या हिशेबाचा समजून सोडून देतात. मी तो सूचनेची परीक्षा घ्यायला वापरते. क्वांटिटीला रोजच्या गोळ्यांनी भागा. जे उत्तर येईल तितके दिवस औषध पुरायला हवं. उत्तर विचित्र आलं तर एक तर तुम्ही सूचना चुकीची वाचली आहे किंवा लेबलात चूक आहे. दोन्ही गोष्टी गोळी पोटात जाण्याआधी कळलेल्या बऱ्या.

मेटफॉर्मिन: क्यूटीवाय १८०. रोज दोन गोळ्या. १८० भागिले २ म्हणजे ९० दिवस. इन्शुरन्सवाले नेहमीचं औषध सहसा तीस किंवा नव्वद दिवसांचं देतात, तेव्हा उत्तर पटतं. हीच बाटली कोणी रोज एक गोळी समजून घेतली असती तर १८० दिवस आले असते. इथेच शंका यायला हवी.

डॉक्सिसायक्लिन: क्यूटीवाय २०, 'वन कॅप्सूल ट्वाइस डेली फॉर टेन डेज'. वीस भागिले दोन, दहा दिवस. जुळलं.

आता खरी धोक्याची बाटली. हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम. क्यूटीवाय ४. महिन्याच्या औषधात चारच गोळ्या? कारण सूचना 'वन टॅबलेट वन्स वीकली' आहे, आठवड्यातून एक. घाईत 'वन्स' वाचलं आणि रोज घेतली तर चार दिवसांत महिन्याचं औषध पोटात जातं. क्वांटिटी बघणारा माणूस इथे थांबतो. संधिवाताचं मेथोट्रेक्सेटही असंच आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, आणि ते चुकून रोज घेतल्याने जीव जाऊ शकतो. त्याच्या बाटलीवर आठवड्याचा वार लिहून घ्या, डॉक्टरांकडून किंवा फार्मासिस्टकडून.

क्वांटिटी नेहमी गोळ्यांचीच असते असं नाही. दम्याच्या अल्ब्युटेरॉल पंपावर 'क्यूटीवाय १८' किंवा '८.५' दिसेल. ते पंपाच्या आतल्या औषधाचं ग्रॅममधलं वजन. एका बाईंनी अठरा पंप मागे राहिले म्हणून भांडण काढलं होतं, आणि त्यांची चूक म्हणताच येत नाही. मलमाचा आकडा ग्रॅममध्ये, डोळ्यांच्या थेंबांचा मिलिलिटरमध्ये. इन्शुलिनच्या पेनांवर १५ असेल तर १५ मिलिलिटर, म्हणजे प्रत्येकी ३ मिलिलिटरचे पाच पेन.

कधी फार्मसीत माल कमी असतो. मग थोड्या गोळ्या देऊन 'पार्शल फिल' असं लिहितात आणि उरलेल्या दोन-चार दिवसांत देतात. लेबलावर किंवा पावतीवर 'ओड' असा शब्द असेल तर तुमच्या गोळ्या बाकी आहेत, त्या न्यायला या. नेहमीच्या औषधाच्या गोळ्या प्रत्येक वेळी मोजायची गरज नाही. वेदनेचं किंवा झोपेचं कडक नियमांतलं औषध असेल तर मात्र काउंटरवरच मोजून घ्या. घरी गेल्यावर दोन कमी निघाल्या तर भरपाई मिळणं फार अवघड असतं.

चौथी पायरी: रिफिल

भारतात तीच चिठ्ठी वर्षभर दुकानात दाखवली तरी गोळ्या मिळतात, म्हणून रिफिल ही कल्पना नव्या माणसाला समजत नाही. डॉक्टर चिठ्ठी पाठवतानाच सांगतात की पहिल्यांदा दिल्यानंतर हे औषध आणखी किती वेळा भरून द्यायचं. लेबलावर 'रिफिल्स: ३' असेल तर हातातल्या बाटलीनंतर आणखी तीन वेळा मिळेल, डॉक्टरांना न विचारता. हातातली बाटली त्या तीनात धरायची नाही.

मेटफॉर्मिनचं वर्ष कसं जातं ते बघू. बाटली ८ जून २०२६ ची. त्याच दिवसापासून घेतली तर ९० दिवस ५ सप्टेंबरच्या रात्री संपतात. पहिली रिफिल ४ डिसेंबरपर्यंत पुरते, दुसरी ४ मार्च २०२७ पर्यंत, तिसरी २ जूनपर्यंत. एकूण ३६० दिवस. साध्या औषधांची चिठ्ठी न्यू जर्सीत आणि बहुतेक राज्यांत लिहिल्या तारखेपासून एक वर्ष चालते, म्हणजे हे गणित डॉक्टरांनी मुद्दाम बसवलेलं आहे. लेबलावर 'बिफोर' असं लिहून पुढे तारीख असेल तर ती चिठ्ठीची मुदत. रिफिल उरलेली असली तरी त्या तारखेनंतर मिळत नाही. एक वर्ष झाल्यावर 'माझ्या दोन शिल्लक होत्या' असं म्हणत येणारे दर आठवड्याला दिसतात.

रिफिल आहे म्हणून कधीही मिळते असंही नाही. इन्शुरन्सच्या संगणकाला आधीच्या गोळ्यांचा बराचसा भाग संपलेला लागतो, पुष्कळदा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त. आपल्या उदाहरणात ती वेळ ऑगस्टच्या मध्यात येते. त्याआधी गेलात तर पडद्यावर 'रिफिल टू सून' येतं. यात आमचा हात नसतो. जुलैच्या अखेरीस दोन महिन्यांसाठी पुण्याला जाणार असाल तर निघण्याच्या दहा-बारा दिवस आधी येऊन 'व्हेकेशन ओव्हरराइड' मागा. फार्मसी इन्शुरन्सला तशी विनंती करते. मिळेलच असं नाही, पण न मागितल्यास नक्की मिळत नाही. प्रवासात गोळ्या लेबल असलेल्या मूळ बाटलीतच न्या, लेबलावरचं नाव पासपोर्टशी जुळणारं ठेवा.

'नो रिफिल्स' किंवा शून्य असेल तर दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. डॉक्सिसायक्लिनवर शून्य असतं कारण दहा दिवसांनी औषध संपवायचं आहे, पुन्हा लागलं तर डॉक्टरांनी तपासायला हवं. मेटफॉर्मिनवर शून्य आलं तर मात्र औषध चालूच ठेवायचं आहे, फक्त परवानगी संपली आहे. त्यासाठी फार्मसी डॉक्टरांना विनंती पाठवते, पण डॉक्टरांच्या ऑफिसला उत्तर द्यायला दोन-तीन दिवस सहज लागतात आणि 'आधी अपॉइंटमेंट घ्या' असंही उत्तर येतं. शेवटच्या गोळीची वाट न बघता आठवडाभराच्या गोळ्या असतानाच हे काम सुरू करा.

वेदनेसाठीच्या हायड्रोकोडोनसारख्या औषधांना रिफिल नसतेच, कायद्यानेच नाही. दर वेळी नवी चिठ्ठी. झोपेच्या किंवा भीतीवरच्या काही गोळ्यांना मिळते, पण जास्तीत जास्त पाच वेळा आणि सहा महिन्यांच्या आतच. अशा बाटल्यांवर एक ओळ छापलेली असते: हे औषध ज्याच्या नावाचं आहे त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला देणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. पाठदुखीने हैराण झालेल्या पाहुण्याला आपली उरलेली गोळी देणं आपल्याकडे प्रेमाचं लक्षण आहे. इथे ते करू नका.

भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इथे औषध मिळत नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांनी औषधं घेऊन यावीत. कमी पडलीच तर इथल्या डॉक्टरांना दाखवावं लागतं.

पाचवी पायरी: रंगीत स्टिकर

बाटलीच्या बाजूला लाल, पिवळ्या, निळ्या, नारिंगी, हिरव्या रंगाच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. काही फार्मसी त्या वेगळ्या न चिकटवता लेबलाच्याच कडेला छापतात. भारतात अँटिबायोटिकच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते आणि तिला ठरलेला अर्थ आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. ती सवय घेऊन आलेला माणूस इथला लाल स्टिकर म्हणजे धोका आणि हिरवा म्हणजे चिंता नाही असं धरून चालतो. अमेरिकेत रंगांना असा सरकारी अर्थ नाही. स्टिकर छापणारी कंपनी आणि विकत घेणारी फार्मसी आपापले रंग वापरतात. 'जेवणासोबत घ्या' एका दुकानात पिवळ्यावर, दुसऱ्यात निळ्यावर. रंग फक्त लक्ष वेधायला आहे, वाचायचे ते शब्द. स्टिकर सहसा संगणक सुचवतो आणि जागा कमी असेल तर काही सूचना गळतात. म्हणून स्टिकर नसणं म्हणजे सावधगिरी नको असं नव्हे.

डॉक्सिसायक्लिनच्या बाटलीवर चार स्टिकर सहज येतात. एकेक घेऊ.

'फिनिश ऑल धिस मेडिकेशन'. ताप उतरला, चट्टा फिका पडला, तरी वीसच्या वीस कॅप्सूल. खूप पुरळ किंवा सूज आली तर मात्र हा स्टिकर दाखवून रेटायचं नाही, थांबून डॉक्टरांना फोन. श्वास लागत असेल तर थेट ९११.

'टेक विथ प्लेंटी ऑफ वॉटर'. हा शिष्टाचाराचा सल्ला वाटतो, पण नाही. ही कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळली तर आतून भाजल्यासारखी जखम होते. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या घोटभर पाण्याने घेणाऱ्याला दोन दिवसांनी छातीत जळजळ सुरू होते आणि माणूस हृदयाचं दुखणं समजून दवाखाना गाठतो. बसून किंवा उभं राहून पूर्ण ग्लास पाण्याने घ्या, नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नका. रात्रीची कॅप्सूल जेवणाच्या वेळेला सरकवली की हे आपोआप जमतं.

'अव्हॉइड सनलाइट'. या औषधावर असताना साध्या उन्हातही त्वचा लाल होऊन सोलते. लाइमचे रुग्ण जून-जुलैत असतात, म्हणजे नेमका क्रिकेटचा आणि पिकनिकचा हंगाम. सावळ्या त्वचेला काही होत नाही हा गैरसमज. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी आणि सनस्क्रीन.

चौथा स्टिकर सर्वात गैरसमजाचा: दूध, अँटासिड, लोह यांच्यासोबत घेऊ नका. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम हे औषधाला पकडून ठेवतात आणि ते रक्तात जातच नाही. गोळी घेतली, पण उपयोग शून्य. हा स्टिकर टेट्रासायक्लिन गटातल्या सगळ्या औषधांना एकाच शब्दांत लावतात. डॉक्सिसायक्लिनवर दुधाचा परिणाम त्या गटातल्या जुन्या औषधांपेक्षा बराच कमी होतो, त्यामुळे जेवणात वाटीभर ताक झालं म्हणून कोर्स वाया जात नाही. कॅल्शियमच्या, लोहाच्या आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचं मात्र तसं नाही. त्यात आणि कॅप्सूलमध्ये निदान दोन तास ठेवा, लोहाबद्दल फार्मासिस्टला वेगळं विचारा. इथे आपल्या घरांचा एक खास प्रश्न आहे. आईची कॅल्शियमची गोळी दादरच्या दुकानातून आलेली असते. ती आमच्या संगणकात नसते, म्हणून संगणक इशारा देत नाही. भारतातून आणलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि नवं औषध घेताना काउंटरवर दाखवा. आयुर्वेदिक चूर्णही त्यातच.

आणखी दोन स्टिकर आपल्या लोकांना नेहमी भेटतात. थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिनवर 'ऑन अ‍ॅन एम्प्टी स्टमक' असतं. सकाळी दुधाच्या चहासोबत घेतलेली गोळी रिकाम्या पोटी घेतलेली नसते. नुसत्या पाण्याने घ्या आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम किंवा लोह चालू असेल तर त्यात चार तासांचं अंतर. दुसरा स्टिकर 'डू नॉट क्रश ऑर च्यू'. मेटफॉर्मिनच्या नावापुढे 'ईआर' असेल तर गोळी दिवसभर हळूहळू औषध सोडते. गिळता येत नाही म्हणून आजोबांना कुटून दिली तर दिवसाचं औषध एकदम उतरतं. गिळण्याचा त्रास असेल तर तसं सांगा, साधी गोळी किंवा पातळ औषध मिळू शकतं. याच ईआर गोळीचं रिकामं कवच कधी कधी शौचात दिसतं. औषध पचलं नाही असं समजून दुसरी गोळी घ्यायची नाही.

'मे कॉज ड्राउझिनेस' दिसलं तर पहिली मात्रा अशा संध्याकाळी घ्या की नंतर गाडी चालवायची नाही. कोणाला किती झोप येते ते आधी सांगता येत नाही.

काउंटर सोडण्याआधी

पैसे भरताना पडद्यावर प्रश्न येतो: फार्मासिस्टशी बोलायचं आहे का? मागे रांग असते म्हणून सगळे 'नो' दाबतात. औषध पहिल्यांदाच घेत असाल तर 'येस' दाबा. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. इंग्रजीत अडत असेल तर दुभाषा मागा. फोनवरून दुभाषा जोडून देण्याची सोय पुष्कळ मोठ्या फार्मसींत असते आणि मराठी न मिळाल्यास हिंदी सहसा मिळते. विचारायचं एवढंच: हे कशासाठी आहे, एखादी मात्रा चुकली तर काय करायचं, आणि माझ्या या पट्ट्यांबरोबर चालेल का? उत्तर ऐकलं की सूचना आपल्या शब्दांत परत सांगा. चूक असेल तर तिथल्या तिथे कळते.

झाकणाबद्दलही तिथेच बोला. इथली झाकणं लहान मुलांना उघडता येऊ नयेत अशी असतात आणि संधिवाताच्या हातांनाही उघडत नाहीत. मागितलं तर साधं झाकण मिळतं. घरात नातवंडं असतील तर मात्र ती बाटली उंचावर, कुलपात.

लेबलाच्या तळाशी 'डिस्कार्ड आफ्टर' अशी तारीख असते. गोळ्यांसाठी ती बहुधा बाटली भरल्यापासून एक वर्षाची असते. मुलांच्या अ‍ॅमॉक्सिसिलिनमध्ये पाणी घालून दिलेलं असतं, ते चौदा दिवसांनी टाकायचं, उरलेलं पुढच्या तापासाठी ठेवायचं नाही.

घरी आल्यावर काही जुळलं नाही, म्हणजे नाव, गोळीचं रूप किंवा भागाकाराचं उत्तर, तर लेबलावर फार्मसीचा फोन नंबर आहे. आरएक्स नंबर सांगा आणि 'फार्मासिस्टशी बोलायचं आहे' म्हणा, उत्तर मिळेपर्यंत गोळी बाजूला ठेवा. चुकीचं किंवा जास्त औषध आधीच पोटात गेलं असेल तर पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२, रात्रंदिवस चालू आणि विनामूल्य. फोन करताना बाटली हातात ठेवा, कारण ते सर्वात आधी लेबलावरचं नाव, ताकद आणि किती गोळ्या उरल्या आहेत तेच विचारतात. माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा श्वास नीट चालत नसेल तर आधी ९११.